एफडी एकच नको, तीन पायऱ्यांची करा!

समजा, इंटर्नशिपचा स्टायपेंड आणि स्कॉलरशिप मिळून तुमच्या खात्यात ६० हजार रुपये साठलेत. घरचे म्हणतात, "तीन वर्षांची एफडी करून टाक, व्याज जास्त आहे." बँकेचा दर एक वर्षासाठी ६.५, दोनसाठी ६.७५ आणि तीनसाठी ७ टक्के धरू. मग एकाच एफडीवर वर्षाला ४,२०० रुपये मिळतील.

पण वर्षभराने फीसाठी २० हजार लागले तर? अनेकदा अख्खी एफडी मोडावी लागते. तेव्हा ७ टक्के मिळत नाहीत. पैसे एकच वर्ष राहिले, म्हणून एक वर्षाचा ६.५ टक्के दर धरतात आणि त्यातूनही दंड कापतात. तो १ टक्का असेल तर हातात येतात ५.५ टक्के, म्हणजे ३,३०० रुपये. गरज २० हजारांची, फटका मात्र ६० हजारांवर!

त्याऐवजी २०-२० हजारांच्या तीन एफडी करा: एक, दोन आणि तीन वर्षांची. पहिल्या वर्षाचं व्याज १,३००, १,३५० आणि १,४००, एकूण ४,०५० रुपये. भागिले ६० हजार, म्हणजे एकत्रित परतावा ६.७५ टक्के. (व्याज दरवर्षी काढून घेतलं असं धरलंय.) फीची वेळ येते तेव्हा पहिली एफडी आपोआप मोकळी झालेली असते, दंडाचा प्रश्नच नाही. एकाच मोठ्या एफडीपेक्षा १५० रुपये कमी मिळाले, ती या सोयीची किंमत.

इथे एक चूक हमखास होते. तिन्ही दरांची सरळ सरासरी काढली जाते. रकमा सारख्या असतील तरच ती चालते. एक वर्षासाठी ४० हजार आणि बाकी दोन्हींत १०-१० हजार ठेवले, तर व्याज ३,९७५ रुपये, म्हणजे ६.६३ टक्के. म्हणून आधी रुपये मोजा, मग टक्के.

फीची गरज पडलीच नाही, तर सुटलेले २० हजार पुन्हा तीन वर्षांसाठी ठेवायचे. त्यामुळे दरवर्षी एक पायरी मोकळी होत राहते. तोवर नवा दर ६ टक्क्यांवर घसरला असला, तरी जुन्या दोन एफडींचे दर तेच राहतात. एकत्रित परतावा ६.५८ वर येतो, ६ वर नाही. अर्थात दर वाढले तर फायदाही असाच हळूहळू पोहोचतो.

एफडी उघडताना 'ऑटो रिन्युअल'चा पर्याय मात्र नीट बघा. तो सुरू राहिला, तर एक वर्षाची एफडी पुन्हा एकाच वर्षासाठी अडकते आणि पुढच्या वर्षी दोन एफडी एकदम सुटतात. मुदत संपण्याच्या तारखांचा रिमाइंडर आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.