टक्क्यांचा तक्ता शेवटी वाचावा

सल्लागाराच्या कामाचा करार सही होऊन आला की बहुतेक ऑफिसांत अकाउंटंट थेट शेवटच्या पानावर जातो. तिथला टक्क्यांचा तक्ता एक्सेलमध्ये उतरवला की बिलांचं वेळापत्रक झालं, असं धरलं जातं. माझं म्हणणं असं की तो तक्ता सगळ्यांत शेवटी वाचावा. किती पैसे मिळतील एवढंच त्यात असतं. ते कधी मागता येतील हे कामाचं कलम, स्वीकृतीचं कलम आणि सर्वसाधारण अटी मिळून ठरवतात. आणि हे तिन्ही भाग बऱ्याचदा वेगवेगळ्या जुन्या करारांतून उचललेले असतात, त्यामुळे ते एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

सोलापुरातलंच उदाहरण कल्पू. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याने डाइंग विभागातला वाफेचा खर्च कमी करण्यासाठी एका छोट्या सल्लागार संस्थेला पाच महिन्यांचं, जीएसटी सोडून 12 लाखांचं काम दिलं. तक्ता म्हणतो: सहीवेळी 20 टक्के, पाहणी अहवाल सादर केल्यावर 30, अंतिम शिफारशी स्वीकारल्यावर 30 आणि अंमलबजावणी पूर्ण झाल्यावर 20. आता तक्ता झाकून कामाचं कलम वाचावं आणि सल्लागार जे जे ‘देईल’ किंवा ‘करेल’ असं लिहिलंय त्याखाली रेघ मारावी. दोन अहवालांशिवाय सुपरवायझरांचं प्रशिक्षण आणि दरमहा प्रगतीचं टिपण अशा आणखी दोन गोष्टी सापडतात. तक्त्यात त्यांना पैसा नाही, म्हणून त्या वेळापत्रकातून गळतात. पण पुढे एका अटीत ‘अंमलबजावणी पूर्ण’ची व्याख्या आहे आणि तिच्यात प्रशिक्षण मोजलेलं आहे. म्हणजे ज्या कामाची किंमत शून्य दिसत होती, त्याच्यावर 2 लाख 40 हजार रुपये अडकून आहेत.

दुसरी गाठ पाहणी अहवालाची. तक्त्यात ‘सादर केल्यावर’ आहे, तर सर्वसाधारण अटींत ‘लेखी स्वीकृतीशिवाय कोणतंही बिल विचारात घेतलं जाणार नाही’ असं वाक्य आहे. दोन्हींत कुठलं चालेल, हे कागदपत्रांचा अग्रक्रम सांगणाऱ्या कलमावरून ठरतं. ते आधी शोधावं. हा शब्दांचा कीस नाही, कारण जीएसटी याच शब्दावर लागतो. तीन महिन्यांहून लांब चालणाऱ्या आणि टप्प्याटप्प्याने पैसे देण्याच्या सेवेत पैसे एखाद्या घटनेशी बांधलेले असतील, तर ती घटना पूर्ण होईल त्या दिवसापर्यंत इनव्हॉइस काढावं लागतं. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम 31(5) तसं सांगतं. घटना ‘सादर करणं’ असेल तर 3 लाख 60 हजारांवरचा 18 टक्के कर, म्हणजे 64,800 रुपये, कारखान्याने अहवाल उघडण्याआधीच देय होऊ शकतो. म्हणून वेळापत्रकाच्या प्रत्येक ओळीत रकमेशेजारी तीन रकाने हवेत: घटना कोणाच्या हातून घडते, किती दिवसांत, आणि ती घडल्याचा कागद कोणता. आवक शिक्का असलेली पोच, स्वीकृतीचा ईमेल, प्रशिक्षणाचं हजेरीपत्रक. कागदाचा रकाना रिकामा राहिला, तर ती ओळ बिल करण्याजोगी नाही.

यावर पहिला आक्षेप असा की इथला धंदा शब्दावर चालतो, मालक बोलला म्हणजे पैसे येतात. मालकाच्या शब्दावर शंका नाही. पण बिल पास करणारा लेखा विभाग आणि वर्षअखेरीला येणारा ऑडिटर यांच्यापुढे तो शब्द नसतो, कागद असतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: लघुउद्योगांना 2006 च्या एमएसएमईडी कायद्याचं संरक्षण आहेच. सेवा दिल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ती स्वीकारली असं मानलं जातं, आणि करारात काहीही असलं तरी पैशांची मुदत स्वीकृतीपासून 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. हे खरं आहे. पण 15 दिवस मोजायला सेवा दिल्याची तारीख सिद्ध करावी लागते, म्हणजे पुन्हा तोच पोचेचा रकाना. आणि शेवटच्या 20 टक्क्यांना हा कायदा फारसा उपयोगी नाही, कारण प्रशिक्षण झाल्यावरही तिथे अडकून राहणारी गोष्ट सल्लागाराची सेवाच नाही. ‘अंमलबजावणी पूर्ण’च्या त्याच व्याख्येत कंडेन्सेट परत बॉयलरकडे नेणारा पंप बसवणंही आहे, आणि तो कारखान्याने विकत घ्यायचा आहे. त्याने तो यंदा घेतला नाही, तर सल्लागाराचं सगळं काम झालेलं असूनही अंमलबजावणी अपुरीच राहते.

कारखान्याची बाजूही रास्त आहे. अहवाल देऊन सल्लागार गायब होऊ नये म्हणून त्याने ती रक्कम मागे ठेवली आहे. त्यामुळे ‘अट काढा’ असं पत्र लिहून भागणार नाही. पहिलं बिल पाठवण्याआधीच खुलासा मागावा: अंमलबजावणी पूर्ण झाल्यावर किंवा अंतिम शिफारशी स्वीकारल्यापासून 90 दिवसांनी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा रक्कम देय, आणि पंप नंतर बसला तरी वाफेचं फेरमोजमाप करायला सल्लागार बांधील राहील. हे दोन्ही पक्षांनी सही करून मान्य केलं की शेवटच्या ओळीत तारीख लिहिता येते, आणि ‘फेरमोजमाप, बिल नाही’ अशी एक नवी ओळ तिच्याखाली येते.