वजन उचलायचं, पण चरबी जाळायला नाही

डोंबिवलीहून रोज फोर्टात कामाला जाणारा, 42 वर्षांचा, 84 किलो वजनाचा एक अकाउंटंट डोळ्यासमोर आणा. लोकलचे तीन तास आणि ऑफिसचे नऊ तास गेल्यावर व्यायामाला उरतो तो रविवार आणि आठवड्यातली एखादी संध्याकाळ. एवढ्या वेळात पोट कमी होतं, पण कोणत्या गोष्टीने काय होतं ते आधी कळायला हवं.

चरबी वितळते ती चालण्याने आणि ताटातल्या कपातीने. सीएसएमटीला शेअर टॅक्सी न धरता ऑफिसपर्यंत पायी गेलं, तर जाताना-येताना बारा-बारा मिनिटं होतात. त्यात जेवणानंतरची पंधरा मिनिटं धरली की साधारण 4000 पावलं वाढतात, म्हणजे तीन किलोमीटर. एवढ्या चालण्यात या माणसाच्या जेमतेम सव्वाशे कॅलरी जास्त खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे 7700 कॅलरी असतात, त्यामुळे नुसत्या चालण्याने आठवड्याला शंभर ग्रॅमच्या आसपासच चरबी उतरेल. पण संध्याकाळचा रोजचा वडापाव, म्हणजे अंदाजे 300 कॅलरी, बंद झाला की तोच आकडा चारशे ग्रॅमच्या जवळ जातो.

मग डंबेल कशाला? खाणं कमी झालं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला काढतं. वजन उचललं की स्नायू अजून कामाचे आहेत हे त्याला कळतं. त्यासाठी आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं पुरतात. छातीशी डंबेल धरून उठाबशा, बाकावर झोपून डंबेल वर ढकलणं, वाकून एका हाताने डंबेल कमरेपर्यंत ओढणं आणि पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकून उठणं, हे चार प्रकार तीन-तीन सेट करायचे. सेट संपताना आणखी दोनदाच जमलं असतं असं वाटावं, इतकं वजन घ्यायचं. आठ वेळांपासून सुरुवात करायची, तिन्ही सेट बारा वेळा जमले की वजन थोडं वाढवायचं. जेवणात उसळ, दही, अंडी किंवा पनीर दोन्ही वेळा असू द्यावं.

पहिल्या दोन आठवड्यांत काटा हलत नाही, कधी वरही जातो. दुखऱ्या स्नायूंत पाणी साठतं, ती चरबी नव्हे. म्हणून सकाळचं वजन लिहून आठवड्याची सरासरी बघा आणि बेंबीपाशी टेप लावा. महिनाभरात दोन्ही जागचे हलले नाहीत, तर ताटात अजून काहीतरी जास्त पडतंय. उलट वजन भराभर उतरतंय आणि डंबेलही झेपेनासं झालंय, तर उपासमार होतेय, खाणं थोडं वाढवा.

गुडघेदुखी, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर डंबेल हातात घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.