दाराची कड बघा, कुलूप ओळखा

कुलूप बिघडले की बहुतेक जण मोबाइलवर हॅण्डलचा फोटो काढतात आणि हार्डवेअरच्या दुकानात जाऊन म्हणतात, "असेच द्या." त्या फोटोवरून दुकानदाराला फारसे काही कळत नाही. बाहेरून दिसणारे हॅण्डल, त्यामागची पितळी किंवा स्टीलची पट्टी, किल्लीचे भोक हे सगळे वेगवेगळ्या जातींच्या कुलपांवर सारखेच दिसू शकते. जाणकार दुकानदार म्हणूनच एकच सांगतो : दार उघडा आणि कडेचा फोटो आणा.

कड म्हणजे पल्ल्याची जाडी दिसते ती अरुंद बाजू, बिजागऱ्यांच्या समोरची, जिथून कुलपाची जीभ बाहेर येते. दार बंद असताना ती दिसतच नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण कुलूप दारात कसे बसवले आहे, हे तिथेच स्पष्ट होते. कुलूप बसवायच्या मुख्य रीती तीन. कडेतून खोल खाच करून त्यात कुलपाची पेटी सरकवायची, ते मॉर्टाइज. पल्ल्याच्या आतल्या अंगावर पेटी वरून स्क्रूने ठोकायची, ते रिम. आणि पल्ल्याला आरपार गोल भोक पाडून त्यात कुलूप बसवायचे, ते सिलिंड्रिकल. प्रत्येक रीतीची कडेवरची खूण वेगळी असते.

मॉर्टाइजची खूण सर्वांत ठसठशीत. कडेवर उभी, लांब, अरुंद पट्टी दिसते. लांबी सहसा वीतभर किंवा त्याहून जास्त, रुंदी दोन-अडीच सेंटिमीटर. वर एक आणि खाली एक असे दोन स्क्रू. पट्टीतून बहुधा दोन जिभा बाहेर येतात : वरची तिरकी, जी दार लोटताच आपोआप आत दबते आणि चौकटीत अडकते, खालची सपाट, चौकोनी, जी किल्ली फिरवल्यावरच बाहेर येते. ही पट्टी म्हणजे आतल्या पेटीचा दर्शनी भाग. पेटी पल्ल्याच्या पोटात असते, आणि तिच्यासाठी सुताराने पटाशीने बरेच लाकूड काढलेले असते. ३० मिलिमीटर जाडीच्या पल्ल्यात १६ मिलिमीटर जाडीची पेटी बसवली, तर दोन्ही बाजूंना जेमतेम ७-७ मिलिमीटर लाकूड उरते. म्हणून पातळ दारांना मॉर्टाइज कुलूप लावताना चांगला सुतारही जपून हात चालवतो.

रिम कुलपाच्या बाबतीत कडेवर बहुधा काहीच नसते. आपल्याकडे मुख्य दाराला लागणारे नाइट लॅच याच जातीचे. पेटी आतल्या अंगावर उघडी दिसते, बाहेरून फक्त किल्लीचा गोल सिलिंडर. चौकटीवरही तसेच : खोबणीत बसवलेल्या सपाट पट्टीऐवजी चौकटीच्या अंगावर एक छोटी डबी ठोकलेली असते आणि जीभ तिच्यात शिरते.

इथे एक फसगत होते. काही रिम कुलपांच्या पेटीचा पत्रा कडेवर वळवलेला असतो आणि त्यात स्क्रू मारलेले असतात. घाईत काढलेल्या फोटोत तो मॉर्टाइजच्या पट्टीसारखा वाटतो. फरक पट्टीच्या जागेत आहे. मॉर्टाइजची पट्टी जाडीच्या मधोमध असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना लाकूड दिसते. रिमचा वळवलेला पत्रा आतल्या कोपऱ्याला चिकटून असतो, त्या बाजूला लाकडाची रेघ उरत नाही, आणि नीट पाहिले तर तो कोपऱ्यावरून वळून पेटीला मिळालेला दिसतो. जीभही पट्टीतून न येता पेटीतून, म्हणजे पल्ल्याच्या जाडीबाहेरून येते.

तिसरी जात अमेरिकेची देणगी. वॉल्टर श्लाग या सॅन फ्रान्सिस्कोतल्या कारागिराने १९२०च्या दशकात ती रूढ केली. लाकूड कोरत बसण्याऐवजी दोन भोके पाडायची : एक पल्ल्याच्या अंगावर आरपार, सुमारे ५४ मिलिमीटर व्यासाचे, आणि दुसरे कडेतून त्याला जाऊन मिळणारे, सुमारे २५ मिलिमीटरचे. मोठ्या भोकात गोल नॉबसह यंत्रणा बसते, लहान भोकातून जीभ येते. त्यामुळे कडेवर छोटीशीच पट्टी लागते, साधारण ५७ मिलिमीटर उंच आणि २५ मिलिमीटर रुंद, वर-खाली एकेक स्क्रू आणि मध्ये एकच तिरकी जीभ. काही कुलपांत त्या जिभेच्या शेजारी एक बारीक दांडीही असते. दार बंद झाले की ती चौकटीच्या पट्टीवर दाबून राहते आणि बाहेरून कार्ड किंवा पत्रा सरकवून जीभ मागे ढकलता येत नाही. फोटोत ही दांडी दिसली, तर ते दुकानदाराला जरूर सांगावे. बदली कुलपातही ती हवी.

"लहान" आणि "लांब" हे डोळ्यांच्या भरवशावर ठरवू नये. जवळून काढलेल्या फोटोत ५७ मिलिमीटरची पट्टीही भली मोठी दिसते. मापासाठी पट्टीशेजारी दहा रुपयांचे नाणे धरावे. त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. सिलिंड्रिकल कुलपाची पट्टी नाण्याहून किंचित अरुंद आणि उंचीला दोन नाण्यांपेक्षा थोडीच जास्त भरते. नाणे मात्र पट्टीला टेकलेले हवे. ते पुढे किंवा मागे धरले, किंवा कॅमेरा तिरका झाला, की गुणोत्तर बिघडते. फोन कडेच्या बरोबर समोर, जिभेच्या उंचीवर धरून, हातभर लांबून फोटो काढावा.

एक उदाहरण घेऊ. शयनगृहाचे दार आहे, किल्ली फिरते पण सपाट जीभ हलत नाही. कडेचा फोटो फोनवर मोठा करून साध्या फूटपट्टीने मोजले. पडद्यावर नाणे ९ मिलिमीटर भरले आणि पट्टी ७८. म्हणजे पट्टी नाण्याच्या सुमारे ८.६७ पट. २७ने गुणले की २३४ मिलिमीटर. लांब पट्टी, दोन जिभा, दोन्ही बाजूंना लाकूड : कुलूप मॉर्टाइज आहे, यात शंका नाही.

पण फोटोत आणखी एक गोष्ट दिसते, आणि खर्चाचा प्रश्न तीच सोडवते. वरच्या आणि खालच्या स्क्रूशिवाय एक तिसरा स्क्रू सपाट जिभेच्या जरा खाली, किल्लीच्या भोकाच्या उंचीवर आहे. हा स्क्रू पट्टी धरून ठेवण्यासाठी नसतो. तो आत दूरवर जाऊन किल्लीच्या सिलिंडरला धरतो. तो दिसला की सिलिंडर वेगळा निघतो असे समजावे, आणि किल्ली फिरून जीभ हलत नसेल तर आधी सिलिंडरचीच तपासणी करावी. दार उघडे ठेवून तो लांब स्क्रू काढायचा, किल्ली घालून किंचित फिरवायची, म्हणजे सिलिंडरचा बाहेर डोकावणारा दाता आत सरळ होतो, आणि सिलिंडर हलक्या हाताने ओढून काढायचा. त्याच्या पोटातील दाता तुटला किंवा सैल झाला असेल, तर पेटी आणि हॅण्डल तसेच ठेवून फक्त सिलिंडर बदलता येतो.

त्याची लांबी मात्र अचूक हवी. स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळे मोजायचे, कारण भोक नेहमी मधोमध असतेच असे नाही. ३० आणि ३० मिळून ६० मिलिमीटर, किंवा ३५ आणि ३५ मिळून ७०, अशी मापे मिळतात. बाहेरच्या बाजूने सिलिंडर हॅण्डलच्या पट्टीबाहेर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आला, तर तो पकडीत धरून त्या स्क्रूच्या भोकाजवळच मोडता येतो. सिलिंडर तिथेच सर्वांत कमजोर असतो. "थोडा लांब चालेल" हा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये.

तिसरा स्क्रू नसेल आणि किल्ली लांब दांड्याची, टोकाला खाचा असलेल्या पानाची असेल, तर ते लिव्हरचे मॉर्टाइज. त्यात सिलिंडर नसतो, यंत्रणा पेटीतच असते. मग पेटी काढावी लागते आणि नव्या पेटीसाठी मापे लागतात : पट्टीची लांबी, कडेपासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, आणि हॅण्डलच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर. शेवटची दोन्ही मापे कडेच्या फोटोत सापडत नाहीत. त्यासाठी पल्ल्याच्या अंगाचा, नाणे धरून काढलेला दुसरा फोटो हवा.

कडेच्या फोटोची आणखीही एक मर्यादा सांगायला हवी. छोट्या पट्टीचे प्रत्येक कुलूप सिलिंड्रिकल नसते. ट्युब्युलर लॅच नावाचा प्रकारही कडेवर जवळजवळ तसाच दिसतो. त्यात मोठ्या यंत्रणेऐवजी हॅण्डलची चौकोनी दांडी थेट जिभेच्या नळीतून आरपार जाते. बाथरूमच्या दारांना लागणारे बेबी लॅच तर लहान पेटीचे मॉर्टाइजच असते. फोटोवरून शंका उरली, तर आतल्या बाजूचे हॅण्डल किंवा नॉब काढून आत डोकवावे. मोठे गोल भोक आणि त्यात बसलेली गोल यंत्रणा दिसली तर सिलिंड्रिकल, नाहीतर दुसरे काहीतरी.

ही ओळख खरेदीपूर्वीच पटावी, कारण एका जातीचे कुलूप काढून दुसऱ्या जातीचे बसवणे सहज होत नाही. मॉर्टाइजची खाच असलेल्या दारात सिलिंड्रिकलचे ५४ मिलिमीटरचे भोक पाडले, तर ते आतल्या पोकळीतच उघडते आणि कुलपाला धरायला लाकूड उरत नाही. उलट बाजूनेही तीच अडचण येते. रिम कुलूप मात्र भरीव लाकडावर जवळपास कुठेही बसते, कारण ते दाराच्या पोटात शिरतच नाही. बाहेरच्या सिलिंडरपुरते एक भोक पुरते.

दुकानात नेण्यासाठी तीन फोटो पुरेत : कडेचा समोरून, आतल्या अंगाचा हॅण्डल आणि भोक दिसेल असा, आणि चौकटीवरच्या पट्टीचा किंवा डबीचा. तिन्हींत नाणे असावे. आणि फोटो काढताना किल्ली कुलपात ठेवू नका, हातातही धरू नका. तिच्या दात्यांच्या स्पष्ट फोटोवरून दुसरी किल्ली बनवता येते.