दिसलं तेवढंच लिहा

“मुलगी फार घाबरट आहे. परीक्षेचं टेन्शन घेते. घरून दबाव असावा. कृपया समुपदेशन करावं.”

दहावीच्या पूर्वपरीक्षेआधी एखाद्या वर्गशिक्षिका शाळेच्या समुपदेशकांना अशी चिठ्ठी पाठवतात, तेव्हा त्यांची काळजी खरीच असते. पण समुपदेशकांच्या हाती त्यातून काय लागतं? ‘घाबरट’ हे बाईंचं मत झालं, ‘टेन्शन’ हे निदान झालं आणि ‘दबाव असावा’ हा अंदाज. बाईंनी स्वतः काय पाहिलं, ते मात्र चिठ्ठीत कुठेच नाही.

आता समजा, त्याच बाईंनी हजेरीपट आणि आपली वही समोर घेऊन चिठ्ठी पुन्हा लिहिली. ती अशी होईल :

“दिवाळीच्या सुट्टीपर्यंत विद्यार्थिनी एकही दिवस गैरहजर नव्हती. त्यानंतर तीन दिवस आली नाही. तिन्ही दिवशी चाचणी होती. २ ते १२ डिसेंबरमध्ये पोटात दुखतं म्हणून चार वेळा वर्गाबाहेर गेली. चारही वेळा गणिताचा तास होता. ९ डिसेंबरला गणिताच्या २० गुणांच्या चाचणीत पहिली आठ मिनिटं तिने काहीच लिहिलं नाही, तळहात दोनदा रुमालाला पुसले. तीन उदाहरणं कोरी सोडली. दुसऱ्या दिवशी त्यांतली दोन तिने फळ्यावर बरोबर सोडवली. मी विचारल्यावर म्हणाली, ‘पेपर हातात आला की काहीच आठवत नाही.’ विज्ञानाच्या प्रयोगांत किंवा खेळाच्या तासाला मला असं काही दिसलं नाही. १२ डिसेंबरच्या इतिहासाच्या चाचणीला तिला खिडकीजवळ बसवलं आणि पाण्याची बाटली जवळ ठेवू दिली. त्या दिवशी तिने लगेच लिहायला सुरुवात केली.”

या चिठ्ठीत ‘चिंता’ हा शब्दही नाही. तरी समुपदेशकांना किती गोष्टी कळतात पाहा. त्रास कधी सुरू झाला, हे कळतं. तो दिवसभर नसतो, गणित आणि चाचणी यांच्याभोवती दिसतो, हे कळतं. सर्वांत मोलाची नोंद फळ्यावरच्या उदाहरणांची आहे. मुलीला गणित येतंय, पण पेपर समोर आला की ते कागदावर उतरत नाही. ही नोंद नसती, तर ‘हिचा अभ्यास कच्चा आहे’ असं समजून तिला आणखी एक शिकवणी लावली गेली असती. खिडकीजवळची जागा मात्र जपून वाचायला हवी. त्या दिवशी पेपर इतिहासाचा होता, त्यामुळे फरक जागेने पडला की विषयाने, हे एका नोंदीवरून ठरत नाही. म्हणूनच बाईंनी विषय लिहिला आणि निष्कर्ष काढला नाही.

घरच्या दबावाचं काय? ते बाईंना वर्गातल्या दुसऱ्या मुलीने सांगितलं होतं. ऐकीव गोष्ट म्हणून त्यांनी ती गाळली. ती लिहिली असती, तर पहिल्याच भेटीत संशय वडिलांवर गेला असता आणि मुलगी कदाचित गप्प झाली असती. घरी काय चालतं, हे समुपदेशक तिलाच विचारतील. हेच पोटदुखीचं. ती भीतीमुळे आहे, असं बाई लिहीत नाहीत. तिला खरोखर पोटाचा आजारही असू शकतो, म्हणून पालकांना डॉक्टरांकडे दाखवायला सांगणं हे वेगळं काम आहे.

लिहिताना आपण घसरलो का, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. प्रत्येक वाक्याला विचारा : हे वर्गातल्या कॅमेऱ्याला दिसलं किंवा ऐकू आलं असतं का? ‘अस्वस्थ होती’ हे दिसत नाही. ‘चार वेळा घड्याळाकडे पाहिलं’ हे दिसतं. ‘नेहमी’, ‘सारखी’ असे शब्द आले, तर तिथे तारीख किंवा आकडा घाला. आकडा आठवत नसेल, तर ते वाक्य काढा आणि आठवडाभर लक्ष ठेवून मग लिहा.

एका बाबतीत मात्र आठवडाभर थांबायचं नाही. मूल स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा जगणं नको असल्याबद्दल बोललं, तर चिठ्ठीची वाट न पाहता त्याला एकटं न सोडता तत्काळ मुख्याध्यापक, समुपदेशक आणि पालकांना गाठायचं. सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते.

एरवी, चिठ्ठी पाठवण्याआधी मुलीला आणि पालकांना तसं सांगावं. चिठ्ठी बंद पाकिटात थेट समुपदेशकांच्या हाती द्यावी. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो जाता कामा नये. आणि शेवटी बाईंनी आपला प्रश्न लिहावा : “पूर्वपरीक्षेला तीन आठवडे आहेत. तोवर वर्गात मी काय करावं?”