चौथा भिडू साठ अंशांचा

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180 अंश, हे शाळेत प्रत्येकाने शिकलेले असते. त्याच तीन कोनांच्या साइनची बेरीज केली, तर ती मात्र त्रिकोणागणिक बदलते. 30, 60 आणि 90 अंशांच्या कंपासपेटीतल्या गुण्यासाठी ती 2.366 येते, तर 45, 45, 90 च्या गुण्यासाठी 2.414. मग ही बेरीज जास्तीत जास्त किती होऊ शकेल?

पहिला विचार काटकोनाकडे जातो, कारण साइनची सर्वांत मोठी किंमत 1 आहे आणि ती 90 अंशांनाच मिळते. तेव्हा दोन कोन 90 च्या जवळ नेऊन पाहू. 80, 80, 20 घेतले की दोन मोठ्या कोनांकडून प्रत्येकी 0.985 मिळते, पण 20 अंशांचा कोन जेमतेम 0.342 देतो आणि बेरीज 2.312 वर थांबते. उलट, एकही कोन 90 च्या जवळ नसलेला 50, 60, 70 चा त्रिकोण 2.572 देतो, आणि समभुज त्रिकोण 2.598, म्हणजे नेमकेपणाने 3√3/2. यापुढे कोणताही त्रिकोण जात नाही असा दावा आहे. तो सिद्ध करायचा.

या बेरजेला डोळ्यांना दिसणारे रूप आहे. 1 मीटर व्यासाचे वर्तुळ काढा आणि त्याच्या परिघावर तिन्ही शिरोबिंदू येतील असा त्रिकोण बसवा. साइनच्या नियमाप्रमाणे त्रिकोणाची प्रत्येक बाजू म्हणजे तिच्या समोरच्या कोनाचे साइन गुणिले परिवर्तुळाचा व्यास. इथे व्यासच 1 आहे, म्हणून बाजूची लांबी हेच समोरच्या कोनाचे साइन. तेव्हा तीन साइनची बेरीज म्हणजे या त्रिकोणाची परिमिती. प्रश्न असा झाला: वर्तुळात बसणाऱ्या त्रिकोणांपैकी सर्वाधिक परिमिती कोणाची?

‘तिन्ही कोनांचा हक्क सारखाच, म्हणून उत्तर तिन्ही कोन समान’ असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ असतात. हा युक्तिवाद अपुरा आहे. लघुकोन त्रिकोणात साइनऐवजी टॅनची बेरीज करून पाहा. समभुज त्रिकोणाला 5.196 मिळतात, तर 50, 60, 70 ला 5.671. तिथेही तिन्ही कोन सारख्याच हक्काचे आहेत, पण समभुज त्रिकोणाच्या वाट्याला सर्वांत लहान बेरीज येते. समानता एवढेच सुचवते की इथे काहीतरी विशेष असावे. ते शिखर आहे की तळ, हे तपासावेच लागते.

तपासण्यासाठी वर्तुळातल्या त्रिकोणाची AB ही बाजू पक्की ठेवू आणि C हा बिंदू त्याच कंसावरून सरकवू. एकाच कंसातले कोन समान असतात, म्हणून C चा कोन बदलत नाही. A आणि B बदलतात, पण त्यांची बेरीज तीच राहते. आता दहावी-अकरावीतले हे सूत्र घ्या:

sin A + sin B = 2 sin((A+B)/2) cos((A−B)/2)

उजवीकडचा साइनचा भाग स्थिर आहे आणि धनही आहे, कारण त्रिकोणातल्या दोन कोनांची सरासरी 0 आणि 180 च्या मधेच असते. कोसाइनचा भाग 1 च्या वर जाऊ शकत नाही आणि A = B असेल तेव्हाच 1 होतो. म्हणजे दोन कोन असमान असतील, तर दोघांच्या जागी त्यांची सरासरी ठेवताच बेरीज वाढते. C कंसाच्या बरोबर मधोमध आला की परिमिती सर्वाधिक, असे चित्र सांगते.

इथेच बहुतेक जण सिद्धता संपवतात: असमान कोनांचा कोणताही त्रिकोण सुधारता येतो, म्हणून समान कोनांचा त्रिकोण सर्वोत्तम. ऐकायला पटते, पण यात एक गोष्ट न सांगता धरून चालली आहे, ती म्हणजे सर्वोत्तम त्रिकोण असतोच. जर्मन गणिती ऑस्कर पेरॉन यांनी या चुकीचे नेमके उदाहरण दिले होते. सर्वांत मोठी पूर्ण संख्या शोधा. 1 पेक्षा मोठ्या कोणत्याही संख्येचा वर्ग केला की ती वाढते, म्हणून सर्वांत मोठी संख्या 1! सुधारणा करता येते एवढ्यावरून शेवट कुठे होतो हे कळत नाही.

बरे, प्रत्यक्ष सुधारत गेलो तर? 20, 70, 90 हा त्रिकोण घ्या. त्याची बेरीज 2.282. 20 आणि 90 ची सरासरी घेतली की 55, 55, 70 मिळतात आणि बेरीज 2.578 होते. मग 55 आणि 70 ची सरासरी घेऊन 62.5, 62.5, 55. मग 58.75, 58.75, 62.5. वेगळ्या पडलेल्या कोनाचे 60 पासूनचे अंतर 10, 5, 2.5 असे दर वेळी निम्मे होते, पण शून्य कधीच होत नाही. सीमा या संकल्पनेचा आधार घेऊन हा मार्ग पूर्ण करता येतो. पण त्याहून सुंदर वाट आहे, आणि मला ती या विषयातली सर्वांत आवडती जागा वाटते.

अडचण अशी आहे की सरासरी जोडीजोडीने घेता येते आणि कोन तीन आहेत. म्हणून चौथा भिडू बोलवायचा, 60 अंशांचा. आता जोड्या दोन झाल्या: A आणि B, C आणि 60. पहिल्या फेरीत प्रत्येक जोडीची सरासरी घ्यायची, दुसऱ्या फेरीत त्या दोन सरासऱ्यांची. चौघांची बेरीज 180 + 60 = 240, म्हणून अखेरची सरासरी 60. आपला हट्टी त्रिकोण पाहा: 20 आणि 70 चे 45, 45 झाले, 90 आणि 60 चे 75, 75. आणि 45 व 75 ची सरासरी थेट 60! चार साइनची बेरीज 3.148 वरून 3.346 आणि तिथून 3.464 वर चढली. जी वाट संपतच नव्हती ती दोन पावलांत संपली. कोणत्याही त्रिकोणासाठी हेच लिहायचे:

sin A + sin B + sin C + sin 60° ≤ 4 sin 60°

दोन्ही बाजूंतून sin 60° काढून घेतला, की तीन साइनची बेरीज 3 sin 60° पेक्षा, म्हणजे 3√3/2 पेक्षा जास्त नाही. सर्वोत्तम त्रिकोण असतो की नाही हा प्रश्नच उद्भवला नाही. बरोबरी हवी असेल, तर एकाही पावलात वाढ होता कामा नये. त्यासाठी A = B हवे आणि C = 60 हवा, म्हणजे तिन्ही कोन 60. बरोबरी फक्त समभुज त्रिकोणालाच मिळते.

उणीव भरायला सरासरीच आणून बसवण्याची ही युक्ती फ्रेंच गणिती कोशी यांची. 1821 च्या आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांनी ती अंकगणिती आणि भूमितीय मध्यांच्या असमानतेसाठी वापरली. 1906 साली डेन्मार्कच्या योहान येन्सेन यांनी याच वाटेने एक व्यापक प्रमेय मांडले, आणि आज कोणत्याही पुस्तकात आपल्या त्रिकोणाचे उत्तर ‘येन्सेनच्या असमानतेवरून’ असे एका ओळीत दिलेले असते. येन्सेन पेशाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत अभियंता होते. गणित ते फावल्या वेळात करत.

हीच रीत त्रिकोणापुढेही चालते. वर्तुळाचे केंद्र आत येईल असा पंचकोन त्या 1 मीटर व्यासाच्या वर्तुळात बसवला, तर त्याच्या बाजू ज्यांची बेरीज 180 आहे अशा पाच कोनांच्या साइन असतात. सरासरी 36 अंश, म्हणून 36 चे तीन भिडू आणून आठ करायचे आणि तीन फेऱ्या घ्यायच्या. परिमिती 5 sin 36°, म्हणजे 2.939 मीटरच्या वर जात नाही. वर्तुळाचा परीघ 3.142 मीटर आहे.