गेटवरची ‘टेम्परेचर गन’ फ्लू का पकडत नाही?

फ्लूची साथ वाढली की ऑफिस, क्लास, हॉस्टेलच्या गेटवर ती पांढरी गन परत दिसायला लागते. कपाळावर धरली, ‘टिक’ वाजलं, ३६.४ आलं, जा आत. आपल्यालाही वाटतं, चला, आत सगळे ठणठणीत आहेत. प्रत्यक्षात त्या आकड्यावरून इतकं काही ठरवता येत नाही. का, ते बघूया.

आधी गन नेमकं काय मोजते ते बघू. आपल्या त्वचेतून सतत इन्फ्रारेड किरण बाहेर पडत असतात. गनमधला सेन्सर ते फक्त गोळा करतो, स्वतः काहीच सोडत नाही. (गनमुळे मेंदूला त्रास होतो असा फॉरवर्ड कोविडच्या काळात फिरला आणि लोक मनगट पुढे करायला लागले. तो फॉरवर्ड खोटा होता, पण मनगटाची सवय राहिली.) गोळा झालेल्या किरणांवरून सेन्सरला त्वचेचं तापमान कळतं. शरीराच्या आतलं नाही.

माझ्याकडच्या गनला बऱ्याच गनना असतो तसा मोड बदलायचा पर्याय आहे. ‘सरफेस’ मोडवर माझं कपाळ ३३.८ दाखवतं, ‘बॉडी’ मोडवर लगेच ३६.५. कपाळ तेच, किरण तेच. मधले २.७ अंश चिपने हिशोबाने वाढवलेले असतात: कपाळाची त्वचा इतकी असेल तर आत साधारण इतकं असणार, असा अंदाज. हा अंदाज साधारण तापमानाच्या खोलीत थोडा वेळ बसलेल्या माणसासाठी बरोबर येतो. तुम्ही पावसात भिजून आलात, एसी गाडीतून उतरलात किंवा घाम सुकतोय, तर कपाळ गार असतं आणि आकडा कमी येतो. मेच्या उन्हात बाईकवरून आलात तर उलटं होतं. आणि हा हिशोब कपाळासाठी केलेला असतो. मनगटावर धरलेल्या गनचा आकडा मी तरी धरणार नाही.

यात एक गंमत डॉक्टरांना माहीत असते, आपल्याला नसते. ताप चढत असताना हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात. शरीर आतली उष्णता वाचवण्यासाठी त्वचेकडचं रक्त कमी करतं. म्हणजे आतलं तापमान वर जात असतं, तेव्हाच बाहेरची त्वचा गार असू शकते. ताप चढायला लागलेला माणूस गनला ‘नॉर्मल’ दिसू शकतो, तो असा.

पण समजा गन एकदम अचूक आहे. तरी खरी अडचण पुढे आहेच, कारण फ्लू पसरवणं आणि ताप असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक उदाहरण घेऊ. रविवारी रात्री लग्नात एका मुलाला लागण झाली. फ्लूची लक्षणं दिसायला १ ते ४ दिवस लागतात, साधारण २ धरू. सोमवारी गेटवर ३६.५, आणि तो खरंच ठीक आहे. मंगळवारी सकाळीही ३६.५, पण दिवसभरात त्याच्या नाकाघशात विषाणू वाढायला लागलेत. लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला फ्लू देऊ शकतो. मंगळवारी रात्री अंग मोडून येतं, ताप १०२. बुधवारी सकाळी प्रॅक्टिकलची परीक्षा आहे, म्हणून आठ वाजता पॅरासिटामॉल घेऊन निघतो. ही गोळी अर्ध्या-एक तासात ताप उतरवते आणि असर चार ते सहा तास राहतो. साडेनऊला गेटवर ३६.८. गोळीने ताप गेला, विषाणू तिथेच आहे, आणि लक्षणांच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच तो सर्वात जास्त पसरतो. शनिवारपर्यंत ताप गोळीशिवायही गेलेला असेल, खोकला चालू असेल. लक्षणं सुरू झाल्यावर पाच-सात दिवस विषाणू बाहेर पडू शकतो, लहान मुलांमध्ये आणखी जास्त.

म्हणजे या मुलाला गेटवर पकडायची खरी संधी फक्त गुरुवार-शुक्रवारची होती. आणि त्या दिवशी तो बहुतेक अंथरुणातच असेल, गेटवर येईल कशाला?

शिवाय अनेकांना ताप येतच नाही. निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम फ्लूची लागण करून झालेल्या जुन्या प्रयोगांचा एकत्रित अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिघांमागे साधारण दोघांना काही ना काही लक्षण दिसलं, पण ताप मात्र तिघांमागे जेमतेम एकालाच. हे तरुण, धडधाकट लोक होते, प्रयोगशाळेतली लागण होती, त्यामुळे आकडा जसाच्या तसा बाहेर लावू नका. पण कॉलेज आणि ऑफिसच्या गेटमधून जाणारे तरी वेगळे कोण असतात?

आता खऱ्या गेटवर काय झालं ते बघा. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची जगभर साथ होती तेव्हा जपानच्या नारिता विमानतळावर इन्फ्रारेड कॅमेरे लावून प्रवासी तपासले जात होते. तिथल्या नोंदींवर दोन संशोधकांनी २०११ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्वाइन फ्लू पक्का झालेले ९ प्रवासी होते. उतरताना ताप होता फक्त २ जणांना. ९ पैकी ५ जणांनी तापाची गोळी घेतलेली होती. अंदाज करा, कॅमेरा कितीही भारी असता तरी ७ जण तापाच्या कसोटीवर सुटलेच असते. आणि कॅमेरा तेवढा भारी नव्हताच: ज्यांना खरंच ताप होता त्यांच्यातले साधारण ५० ते ७० टक्केच तो ओळखत होता. त्या दोघांतला एखादाही निसटला असता तर नवल नव्हतं. नऊ हा आकडा लहान आहे, त्यामुळे ‘बरोबर २२ टक्के’ असं कोणी सांगितलं तर मान हलवू नका. दिशा मात्र स्पष्ट आहे.

मग मर्यादा खाली आणून ३७ वर अलार्म लावला तर? थोडे जास्त सापडतील, पण उन्हातून आलेले, जिने चढून आलेले, टोपी नुकतीच काढलेले सगळे अडकतील. सकाळी नऊच्या गर्दीत रांग लागते, लोक एकमेकांना खेटून उभे राहतात, आणि मग सिक्युरिटीवाला काका वैतागून गन नुसतीच दाखवायला लागतो. हे मी एकापेक्षा जास्त गेटवर पाहिलंय.

फोनबद्दलही विचारणा होते म्हणून सांगतो. पिक्सेल ८ प्रोसारख्या मोजक्या फोनमध्ये खरा इन्फ्रारेड सेन्सर आहे, आणि गनच्या मर्यादा त्यालाही लागू होतात. तुमच्या फोनमध्ये तो सेन्सर नसेल आणि एखादं अ‍ॅप स्क्रीनवर बोट ठेवून ताप सांगत असेल, तर सरळ अनइन्स्टॉल करा. फोनमधले नेहमीचे तापमान सेन्सर बॅटरी आणि प्रोसेसर किती गरम झालेत ते बघायला असतात.

गेटवर काही विचारायचंच असेल तर दोन प्रश्न गनपेक्षा कामाचे आहेत: कालपासून खोकला, घसा किंवा अंगदुखी आहे का, आणि आज तापाची गोळी घेतली का? अर्थात लोक खरं तेव्हाच सांगतात, जेव्हा ‘हो’ म्हटल्यावर परीक्षा किंवा दिवसाचा पगार बुडत नाही. घरी स्वतःचा ताप बघताना साधा डिजिटल थर्मामीटर तोंडात किंवा काखेत धरा, गोळीचा पुढचा डोस घ्यायच्या आधी. गोळी न घेता सलग २४ तास ताप नसेल आणि बाकी त्रासही कमी होत असेल, तर बाहेर पडायला हरकत नाही, पण खोकला आहे तोवर तोंडावर मास्क ठेवून.