कॅप्शनच ऑल्टमध्ये? नको!

कोकणकड्याचा फोटो टाकला. कॅप्शन: ‘तीन तास थांबलो, मग ढग हटले!’ ऑल्ट टेक्स्टमध्येही आधी तेच चिकटवलं होतं. स्क्रीन रीडर लावून ऐकलं, तर एकच वाक्य दोनदा. कडा कुठेच नाही!

मग ऑल्ट बदलला: ‘आत वळलेला अर्धगोल काळा कडा, खाली दरीत पांढरे ढग; काठावर पालथी पडून खाली डोकावणारी लाल रेनकोटमधली मुलगी.’ थांबल्याची गोष्ट कॅप्शनकडे, दिसतं ते ऑल्टकडे. ‘या फोटोत’ मुद्दाम गाळलं, कारण ही प्रतिमा आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. ‘कोकणकडा’ हे नाव मात्र कॅप्शनमध्ये घातलं. ते बघणाऱ्यांनाही हवंच असतं. आणि हॅशटॅग ऑल्टमध्ये कोंबू नका, प्लीज.